उणे चिन्ह गेले कुठे?

सातवीच्या गणितात पूर्णांक संख्यांचा गुणाकार आणि भागाकार आहे. या धड्यात मुलांची सगळी कसोटी लागते ती चिन्हावर. उणे सहा गुणिले चार केले की उणे चोवीस येतात. चोवीस बरोबर पण चिन्ह चुकले तर उत्तर चूक. आता समजा, अमरावती किंवा अकोल्याच्या एखाद्या शाळेतल्या मॅडमनी सुटीच्या दिवशी पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सरावाची उत्तरे अशी टाकली:

```
- 24
35
- 9
```

मॅडमनी टाइप केलेले अगदी बरोबर आहे. पण पालकांच्या मोबाइलवर पहिल्या आणि तिसऱ्या ओळीत उणे चिन्ह दिसत नाही. तिथे एक काळा ठिपका येतो आणि पुढे 24 आणि 9. मधला 35 तेवढा जसाच्या तसा. ज्या मुलीने वहीत उणे चोवीस लिहिले, तिला वाटते आपले चुकले, आणि ती बरोबर उत्तर खोडून टाकते. ज्या मुलाने चिन्ह विसरून नुसते चोवीस लिहिले, तो स्वतःलाच बरोबरची खूण देतो. अम्मीने दोन्ही वह्या त्या मेसेजवरून तपासल्या तर दोन्ही मुले चुकीचे शिकतात, आणि चूक कुणाच्या लक्षातही येत नाही.

असे का होते? व्हॉट्सअ‍ॅपवर अक्षर ठळक करायला शब्दाच्या दोन्ही बाजूंना चांदणी लावायची, हे 2016 पासून आहे आणि बहुतेकांना ठाऊक आहे. त्यामुळे ‘चांदणीला जपा, बाकी चिन्हांना काही होत नाही’ असा एक समज पक्का झाला. तो त्या वेळी बऱ्याच अंशी खराही होता. ओळीच्या सुरुवातीला छोटी आडवी रेघ टाकली तर ती रेघच राहायची. पण फेब्रुवारी 2024 मध्ये कंपनीने चार नव्या सोयी जाहीर केल्या: ठिपक्यांची यादी, आकड्यांची यादी, उतारा वेगळा दाखवणे आणि ओळीच्या आत संगणकाचा कोड वेगळा दाखवणे. तेव्हापासून ओळीच्या आरंभी आडवी रेघ किंवा चांदणी आणि तिच्यापुढे एक मोकळी जागा असली, की अ‍ॅप समजते की माणूस यादी करतो आहे. ते रेघ काढून ठिपका दाखवते. अ‍ॅप बदलले, आपली लिहिण्याची सवय मात्र जुन्या अ‍ॅपचीच राहिली.

यातली मेख अशी की मेसेज पाठवताना ठिपका जात नाही. जाते ती आपण टाइप केलेली साधी रेघच. ठिपका काढतो तो वाचणाऱ्याच्या मोबाइलमधला अ‍ॅप. म्हणूनच अपडेट नवे होते त्या महिन्यांत एकाच घरात गंमत व्हायची: ज्याने अपडेट घेतले त्याला ठिपका, ज्याने घेतले नाही त्याला रेघ, आणि दोघेही ‘मला जे दिसते तेच खरे’ म्हणणार. आता तो फरक फारसा उरलेला नाही, कारण फार जुनी आवृत्ती काही काळाने चालायचीच बंद होते. पण म्हणूनच चूक ओळखणे अवघड झाले आहे. पूर्वी एखाद्याच्या मोबाइलवर तरी रेघ दिसायची आणि तो विचारायचा. आता सगळ्यांनाच ठिपका दिसतो.

हेच मोठ्यांच्या हिशोबातही होते. लग्नाला जाण्यासाठी चार घरांनी मिळून गाडी केली. कुणी जास्त दिले ते अधिक, कुणाचे देणे बाकी ते उणे, अशा बेताने एकाने ओळी लिहिल्या:

```
+ 300 मोठी खाला
- 500 मामू
```

अधिक चिन्हाचा असा काही नियम नाही, म्हणून ते जागेवर राहते. उण्याचा मात्र ठिपका होतो. मामूंना वाटते, आपल्या नावावर पाचशे जमा आहेत. रक्कम लहान असते, पण अशा बारीक गोष्टीवरून नात्यात शब्दाला शब्द लागतो.

तिसरे चिन्ह ‘पेक्षा मोठे’ याचे. ओळीच्या सुरुवातीला `>` आणि मोकळी जागा आली, तर अ‍ॅप पुढचा मजकूर उतारा समजून बाजूला रेघ देऊन दाखवते, आणि ते चिन्ह नाहीसे होते. ‘> 140 आले तर फोन करा’ असे कुणी नानीच्या ब्लड प्रेशरबद्दल लिहिले, तर वाचणाऱ्याला नुसते 140 दिसेल. इथे चिन्हाऐवजी ‘140 पेक्षा जास्त’ असे शब्दांतच लिहावे.

शंका आली तर खात्री करणे सोपे आहे. अँड्रॉइडवर तो मेसेज बोट दाबून निवडा, कॉपी करा आणि साध्या एसएमएसच्या चौकटीत पेस्ट करा. एसएमएसला हे नियम माहीत नाहीत, म्हणून तिथे मूळ रेघ परत दिसते. याच कारणाने व्हॉट्सअ‍ॅपची नोटीस एसएमएसवर चिकटवली की शब्दांभोवती चांदण्या उमटतात.

टाळायचा मार्गही सोपा आहे. ओळ चिन्हाने सुरू करायची नाही. मॅडमनी असे लिहिले असते तर काहीच बिघडले नसते:

```
प्र. 1) -24
प्र. 2) 35
प्र. 3) -9
```

इथे ओळ शब्दाने सुरू होते आणि उणे चिन्ह आकड्याला चिकटून आहे. हिशोबात ‘मामू: देणे 500’ असे लिहावे. लांबलचक गणित असेल तर वहीत सोडवून फोटो पाठवावा. फोटोतले चिन्ह कुठलेही अपडेट बदलत नाही.

सोय वाढली की जसा घोटाळा होतो, तसा ती काढून घेतल्यावरही होतो. विंडोजच्या संगणकात 1995 पासून वर्डपॅड होते. ठळक अक्षरांच्या नोटिसा, अर्ज त्यात लिहून `.rtf` फाइलमध्ये ठेवायची अनेकांची सवय. विंडोज 11 च्या 2024 च्या 24H2 या अपडेटपासून वर्डपॅडच काढून टाकले. आता तीच फाइल नोटपॅडमध्ये उघडली तर सुरुवातीला `{\rtf1` आणि पुढे कंस, तिरप्या रेघा यांची गर्दी दिसते. फाइल खराब झाली म्हणून ती पुसू नका. मजकूर शाबूत असतो. ती फाइल वर्डमध्ये किंवा फुकट मिळणाऱ्या लिबरऑफिस रायटरमध्ये उघडा, सगळे जागच्या जागी दिसेल.

व्हॉट्सअ‍ॅपवर हा नियम जुन्या मेसेजलाही लागतो, कारण ठिपका वाचताना तयार होतो, पाठवताना नाही. 2023 मध्ये आलेली आणि तेव्हा नीट दिसलेली उत्तरांची यादी आज उघडली तर तिच्यातही ठिपके दिसतील. मोठ्या भावंडाची जुनी यादी आता धाकट्याच्या सरावाला वापरणार असाल, तर आधी ती वर सांगितल्याप्रमाणे एसएमएसच्या चौकटीत पेस्ट करून पाहा आणि मगच वही तपासा.