अर्धवट संदेश आला तर

समजा, रात्रीचे साडेनऊ वाजले आहेत. कामशेतला खालू घरी एकटेच आहेत, खाला लेकीकडे पुण्याला गेल्या आहेत. लोणावळ्यातल्या भाचीच्या फोनवर त्यांचा संदेश येतो, ‘आय हॅव पेन इन’. रेल्वेतून निवृत्त झालेले खालू इंग्रजीतच लिहितात. पण पुढचा शब्द आलेला नाही.

आपण बहुतेक जण ‘कुठे?’ असे लिहून उत्तराची वाट बघतो. गुडघा दुखत असेल तर त्यात काही बिघडत नाही. पण छातीत कळ असेल, तर ज्याला लिहिणे जमले नाही त्यालाच आपण पुन्हा लिहायला लावतो. रेंज गेली की माणूस कोसळला, हे त्या अर्ध्या ओळीवरून कळत नाही. म्हणून खुलासा मागावा, पण खुलाशासाठी मदत अडवून ठेवू नये.

भाचीने आधी फोन लावावा. खालूंनी उचलला, तर ‘काय होतंय, सविस्तर सांगा’ असे न म्हणता ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणता येईल असे विचारावे. छातीत दुखतंय का? दम लागतोय का? घाम फुटलाय का? यातल्या एकालाही ‘हो’ आले, तर पुढचे प्रश्न थांबवून १०८ ला फोन करावा. ‘छातीत नाही’ म्हणाले तरी लगेच निश्चिंत होऊ नये. हृदयविकाराचे दुखणे जबडा, डावा हात, पाठ किंवा पोटाच्या वरच्या भागातही येते, आणि घरोघरी त्याला ‘ॲसिडिटी’ म्हणून सोडून देतात. गुडघाच दुखत असल्याचे कळले, तर मग निवांत विचारावे की कधीपासून दुखतंय, पडलात का, सूज आहे का.

फोन उचललाच नाही, तर ते गप्प राहणे हेच उत्तर धरावे. शेजाऱ्यांना ताबडतोब दारावर पाठवावे आणि घरातल्या दुसऱ्या फोनवरून १०८ लावावा. तिथे गाव, वस्ती आणि जवळची ठळक खूण आधी सांगावी. आजाराचे नाव माहीत नसले तरी चालते. ‘एकटे आहेत, दुखतंय असे लिहिले, आता फोन उचलत नाहीत’ एवढे पुरे. खालूंना स्वतः गाडी चालवत निघू देऊ नये.

आणखी एक, संदेशाची वेळ लिहून ठेवावी. बोलणे जड झाले असेल किंवा तोंड वाकडे दिसत असेल, तर तो पक्षाघात असू शकतो. त्यात गाठ विरघळवणारे औषध साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते. रुग्ण शेवटचा ठीक कधी होता, हे डॉक्टर म्हणूनच आधी विचारतात.

शेजारी पोहोचले आणि खालू नुसते फोन चार्जिंगला लावून झोपलेले निघाले, तर शेजाऱ्यांची माफी मागावी. ती मागणे सोपे आहे.