रिमाइंडर वाजतो, पण सांगतो काय?

भिंतीवर चिकटवलेलं नव्वद दिवसांचं टाइमटेबल बहुतेकांचं चौथ्या आठवड्यात कोसळतं. मग आपण स्वतःलाच आळशी ठरवून मोकळे होतो. माझं मत वेगळं आहे. खोट त्या टाइमटेबलच्या हिशोबातच असते.

एमपीएससीची गट-क संयुक्त पूर्व परीक्षा घ्या. १०० प्रश्न, एक तास, आणि चुकलेल्या प्रत्येक उत्तरामागे पाव गुण वजा. म्हणजे ‘वाचल्यासारखं वाटतंय’ एवढ्यावर गोळी मारली तर फटका बसतो. हातात ९० दिवस आहेत असं समजू. शेवटचे २० दिवस सराव पेपरांना. राहिले ७०. त्यातले दहा रविवार नव्या अभ्यासाला नाहीत, उरले ६०. आणि तुम्ही लालबाग, परळ किंवा गिरगावात राहत असाल आणि गणपती मध्ये येत असतील, तर ते दहा दिवसही आत्ताच खोडून टाका. मंडळाचा बिल्ला गळ्यात असताना किंवा खाली रांग आणि ढोल असताना नवं प्रकरण डोक्यात शिरणार नाही, हे आईलाही माहीत असतं. म्हणजे ‘नव्वद दिवसां’त नवं वाचायला मिळतात जेमतेम पन्नास.

गणित-बुद्धिमत्ता आणि चालू घडामोडी यांना दिवस वाटून देऊ नका. त्यांना रोजचा अर्धा तास. इतिहास, भूगोल, राज्यशास्त्र, अर्थशास्त्र आणि विज्ञान हे पाच विषय त्या पन्नास जागांत बसवायचे. ‘प्रत्येकी दहा’ ही वाटणी सोपी आहे, पण आळशी आहे. आयोगाच्या संकेतस्थळावरचे मागचे तीन-चार पेपर काढा आणि कुठल्या प्रकरणावर किती प्रश्न आले ते पेन्सिलीने मोजा. जागा त्याप्रमाणे द्या. काही प्रकरणं बाहेर राहतील. राहू द्या.

आता खरी गोम. आज वाचलेलं प्रकरण तीन वेळा परत यायला हवं : दुसऱ्या दिवशी, सातव्या दिवशी आणि एकविसाव्या दिवशी. नव्या प्रकरणाला दीड तास आणि प्रत्येक उजळणीला वीस मिनिटं धरा. पहिल्या आठवड्यात रोज फक्त कालची उजळणी असते, म्हणून एकशे दहा मिनिटांत काम संपतं. वेळ उरतो, जोश असतो, आणि आपण रोज दोन प्रकरणं लावतो. चौथ्या आठवड्यात काय होतं ते बघा. दोन नव्या प्रकरणांचे तीन तास, शिवाय सहा उजळण्यांचे दोन तास. कॉलेज आणि लोकल सांभाळून रोज पाच तास आणणार कुठून? एकच प्रकरण ठेवलं असतं तर अडीच तासांत भागलं असतं. पहिल्या आठवड्यातला तो मोकळा वेळ फुकटचा नव्हता, पुढच्या उजळण्यांसाठी राखलेला होता.

म्हणून प्रकरण वाचून झालं की लगेच फोनच्या कॅलेंडरमध्ये पुढचे तिन्ही रिमाइंडर टाकून मगच उठा. त्यात ‘इतिहास उजळणी’ असं लिहू नका. त्यावर बोट फिरवून ‘नंतर’ म्हणणं फार सोपं असतं. महात्मा फुले वाचले असतील तर लिहा : ‘१८४८, १८७३, १८८२ – या साली काय झालं? न बघता सांग.’ मुलींची शाळा, सत्यशोधक समाज आणि हंटर आयोगापुढची साक्ष ही तिन्ही उत्तरं आली तर वीसऐवजी पाच मिनिटांत सुटका. नाही आली तर पुस्तक उघडा, आणि ते प्रकरण परवा पुन्हा लावा. असा प्रश्न दादरच्या पुलावर गर्दीत उभं राहूनही सोडवता येतो.

वेळही घर बघून ठरवा. दहा बाय बाराच्या खोलीत रात्री आठला मालिका चालू असताना ‘राज्यघटना’ म्हणून फोन वाजला, तर तो बंदच केला जाणार. नवं प्रकरण पहाटे पाणी यायच्या आधी किंवा वाचनालयात, आणि उजळणी प्रवासात. गणपतीच्या दहा दिवसांतही उजळणीचे रिमाइंडर चालू ठेवा, फक्त नवं काही लावू नका.

दिवस बुडणारच. पाहुणे येतात, लोकल बंद पडते, ताप येतो. अशा वेळी सगळं टाइमटेबल एक दिवस पुढे ढकलण्याची खोड असते. तसं केलं की शेवटचे वीस दिवस खाल्ले जातात. त्याऐवजी ते प्रकरण रविवारी घ्या. रविवारही भरला असेल तर यादीतलं सर्वांत कमी प्रश्नांचं प्रकरण काढून त्याची जागा याला द्या. आणि रोज रात्री एकच आकडा बघा : न केलेले रिमाइंडर किती? पाचाच्या वर गेले तर उद्या नवं काही नाही, आधी ते संपवा.