रिकामा रकानाही रकानाच

जावामध्ये `split` वापरणाऱ्या प्रत्येकाने `-1` लिहायची सवय लावून घ्यावी, असे आमचे स्पष्ट मत आहे. एखाद्या मंडळाच्या वर्गणीच्या फाइलमधली ही ओळ पाहा. रकाने पाच: पिनकोड, पत्ता, रक्कम, फोन, शेरा. या वर्गणीदाराने फोन दिलेला नाही आणि शेराही कोरा आहे.

```java
String s = "400601|टेंभी नाका|1250.50||";
s.split("|");
String[] p = s.split("\\|");
s.split("\\|", -1);
```

पहिल्या `split`मध्ये पिनकोडच्या जागी नुसता `4` येतो. `split`ला दिलेले चिन्ह जावा रेगेक्स म्हणून वाचते आणि तिथे उभ्या रेघेचा अर्थ ‘हे किंवा ते’ असा होतो. दोन्ही बाजू रिकाम्या असल्याने जुळणी प्रत्येक अक्षरापाशी होते. ‘टेंभी’चे तर पाच तुकडे पडतात, मात्रा आणि अनुस्वारसुद्धा सुटे. टिंबाची तऱ्हा वेगळी. टिंब म्हणजे कोणतेही अक्षर, त्यामुळे `"1250.50".split(".")` सगळी रक्कमच विभाजक समजून खाते आणि हाती शून्य लांबीचा अ‍ॅरे देते. स्वल्पविरामाला रेगेक्समध्ये असा खास अर्थ नाही. म्हणून वर्षानुवर्षे स्वल्पविरामावर काम केलेल्यांना हा खड्डा दिसतच नाही.

तरीही ही चूक पहिल्याच चाचणीत उघडी पडते. खरी भीती दुसऱ्या `split`ची आहे. `\\|` बरोबर आहे, पण तुकडे पाचऐवजी तीनच येतात, कारण शेवटचे रिकामे तुकडे जावा टाकून देते. पर्लही हेच करते. पायथन आणि जावास्क्रिप्टमध्ये साध्या चिन्हावर तोडले तर ते टिकतात, म्हणून तिकडून आलेला माणूस हमखास फसतो. शेरा भरलेला आणि फक्त फोन कोरा असेल, तर मधला रिकामा रकाना शाबूत राहतो आणि पाच तुकडे मिळतात. चाचणीच्या नमुन्यात सगळ्यांचे शेरे भरलेले असले, की प्रोग्राम बिनबोभाट चालतो.

पुढे कोरा शेरा आला आणि `p[4]` मागताच प्रोग्राम कोसळला, तर निदान कळते तरी. पण कोणी `if (p.length < 5) continue;` अशी मलमपट्टी केली असेल, तर ही ओळ गुपचूप वगळली जाते आणि 1250.50 रुपये बेरजेत येतच नाहीत.

तिसऱ्या `split`मधला `-1` रिकामे तुकडे राखतो. मग तपासणी ‘पाचपेक्षा कमी’ अशी न ठेवता ‘पाच नाहीत’ अशी ठेवावी आणि तशी ओळ वगळण्याऐवजी तिचा क्रमांक दाखवून थांबावे. शेऱ्यातच कोणी उभी रेघ टाकली तर तुकडे सहा होतात, आणि तिथे `-1`चा काही उपयोग नाही. ती ओळ माणसानेच पाहायला हवी.