आत्याला चालणारा खाऊ

आमच्या उमापुरात दिवाळीच्या भेटीला कुणी मोकळ्या हातानं जात नाही. आत्याला बारा वर्षांपासून शुगर आहे. म्हणून दोन दिवाळ्यांपूर्वी मी शहरातून येताना तिच्यासाठी मुद्दाम ‘शुगर फ्री’ पेढ्यांचा अर्धा किलोचा बॉक्स आणला. “आत्या, हे तुला चालतंय,” असं मीच तिला सांगितलं. एरवी ती पेढ्याचा कोपरा मोडून तोंडात टाकायची आणि उरलेला नातवाला द्यायची. त्या दिवशी तिनं चार खाल्ले. दोन तासांनी घरच्या मशीनवर आकडा आला २८६. दुपारच्या जेवणाचा त्यात वाटा होताच, पण ते चार पेढे माझ्या शब्दावर तिच्या पोटात गेले होते. तेव्हापासून शुगरवाल्यांना नेण्याच्या गोडाबद्दल लोक जे जे सांगतात, ते मी तपासून बघायला लागलो.

पहिलं म्हणणं असं की शुगर फ्री म्हणजे साखर नाही, मग खायला हरकत नाही. पेढ्याच्या बाबतीत हे हिशेबालाच टिकत नाही. एक लिटर दुधात साधारण ४८ ग्रॅम दुधाची स्वतःची साखर असते. ते दूध आटवलं की दोनशे ग्रॅमच्या आसपास खवा उतरतो. आटताना पाणी उडून जातं, साखर तिथंच राहते. म्हणजे वरून चिमूटभरही साखर न घालता खव्याचा जवळजवळ चौथा हिस्सा साखर असतो. वीस ग्रॅमचे चार पेढे म्हणजे ऐंशी ग्रॅम खवा, आणि त्यात वीसेक ग्रॅम साखर. ही दुधातली साखर साध्या साखरेपेक्षा सावकाश चढते हे मान्य, पण चढते. पाकिटावर ‘शुगर फ्री’ लिहायचं तर शंभर ग्रॅममध्ये अर्ध्या ग्रॅमहून जास्त साखर नसावी, असा आपल्या देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा नियम आहे. खव्याचा पेढा त्यात बसूच शकत नाही. त्यावर फार तर ‘साखर घातलेली नाही’ एवढं म्हणता येईल, आणि या दोन वाक्यांत आत्याच्या चार पेढ्यांइतका फरक आहे.

शुगर फ्री बालूशाहीची गत याहून वेगळी नाही. तिच्यातला मैदा पोटात गेल्यावर ग्लुकोजच होतो. म्हणून पाकीट असेल तर ‘साखर’ हा आकडा बघून थांबू नये, वरचा ‘कर्बोदके’ हा आकडा वाचावा. घटकांच्या यादीत मॉल्टिटॉल किंवा ९६५ हा क्रमांक दिसला, तर ती गोडी फुकट नाही हेही कळावं. त्यातला काही भाग रक्तात जातो, आणि उरलेला आतड्यात राहून गॅस आणि जुलाब करतो. म्हाताऱ्या माणसाला दिवाळीच्या रात्री तो त्रास कशाला द्यायचा?

दुसरं म्हणणं आमच्या भागात सगळ्यांत पक्कं आहे: साखर वाईट, पण गूळ औषधी. उसाच्या मुलखात हे बोलणं जड जातं, तरी बोलतो. गूळही उसाच्या रसाचाच. शंभर ग्रॅम गुळात ८० ग्रॅमहून जास्त साखरच असते. उरलेल्यात थोडं पाणी, क्षार, थोडं लोह. ते लोह खरं आहे, पण त्यासाठी शुगरच्या माणसानं गुळाचा लाडू खावा इतकं ते नाही. तीळ आणि गूळ निम्मेनिम्मे धरले, तर पंधरा ग्रॅमच्या एका लाडवात सहा ग्रॅमच्या वर साखर येते. संक्रांतीला एक लाडू हातावर घेतला तर काही बिघडत नाही. बिघडतं ते ‘गुळाचाच आहे’ म्हणून डबाभर ठेवून आल्यानं. खजूर-अंजिराचा रोलही त्याच पंगतीतला. खजुराचा दोनतृतीयांश भाग साखर आहे, ती झाडानं घातली काय आणि हलवायानं घातली काय.

तिसरं म्हणणं सरळ आहे: मग सुकामेवा द्या. बदाम, अक्रोड चांगलेच. पण सुकामेव्याच्या तयार बॉक्समध्ये मनुके, अंजीर आणि खजूर बऱ्याचदा निम्मी जागा व्यापून असतात. आणि इथं एक धोका फार थोड्या लोकांना माहीत आहे. शुगर जुनी झाली की अनेकांच्या किडनीवर येते. किडनी कमजोर झाल्यावर डॉक्टर पोटॅशियम कमी करायला सांगतात, कारण ते रक्तात साठलं तर हृदयाचे ठोके बिघडतात. सुकामेवा, केळी, शहाळं या आजाऱ्याला भेटायला नेण्याच्या नेमक्या वस्तू, आणि तिन्हींत पोटॅशियम भरपूर. म्हणून नेण्याआधी घरातल्या स्वयंपाक करणाऱ्या बाईला एकच विचारावं, “डॉक्टरांनी किडनीचं काही पथ्य सांगितलंय का?” आजारी माणूस भिडेपोटी सांगत नाही, ती सांगते.

आता मी काय नेतो ते सांगतो. किडनीचं पथ्य नसेल तर आत्यासाठी डबा घरीच भरतो. पाव किलो खरपूस भाजलेले शेंगदाणे. शंभर ग्रॅम शेंगदाण्यात कर्बोदकं सोळा ग्रॅमच्या आसपास, आणि त्यातला निम्मा चोथा. सोबत थोडे फुटाणे, पण ते मूठभरच खायचे, कारण त्यांच्यात पिठूळ भाग बराच असतो. आणि तीन चटण्या: जवसाची, कारळ्याची, लसूण घातलेली तिळाची. ज्वारीच्या भाकरीबरोबर त्या रोज लागतात, त्यामुळे डबा फडताळात पडून राहत नाही. मीठ मात्र निम्मं घालायचं, कारण शुगरबरोबर बीपीची गोळी बहुतेक घरांत असतेच. ‘डाएट चिवडा’ मी घेत नाही. तो बहुधा मुरमुऱ्यांचा असतो, आणि मुरमुरे रक्तात साखरेसारखेच झपाट्यानं चढतात.

किडनीचं पथ्य असेल तर शेंगदाणे आणि चटण्यासुद्धा बाद, त्यांच्यातही पोटॅशियम असतं. तिथं मी खाण्याचं काही नेतच नाही. शुगर तपासायच्या मशीनच्या पट्ट्या नेतो. पट्ट्या संपल्या की म्हातारी माणसं तपासणंच सोडून देतात, त्या महाग वाटतात म्हणून. आधी मशीनच्या नावाचा फोटो मागवायचा, कारण एका मशीनची पट्टी दुसऱ्याला चालत नाही. डबीवरची मुदत बघायची, सील फोडायचं नाही. नाहीतर पांढरे सुती मोजे, सैल इलॅस्टिकचे. शुगरमध्ये पायाची जाणीव जाऊ शकते, मग काटा बोचला तरी कळत नाही. पांढऱ्या मोज्यावर रक्ताचा ठिपका संध्याकाळी दिसतो.

“गोडाशिवाय दिवाळी कसली?” असं चुलते मला ऐकवतात. त्यांचं म्हणणं मी उडवून लावत नाही. आत्याच्या घरातून साखर हद्दपार करा असं मी म्हणतच नाही, उलट ती हाताशी हवी. तिला इन्सुलिन चालू आहे. जेवण लांबलं तर कधी साखर ७० च्या खाली जाते, घाम फुटतो, हात थरथरतात. तेव्हा तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच द्यायची आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं. तिथं शुगर फ्री पेढा काही कामाचा नाही. साधा पेढाही नाही, त्यातलं तूप साखरेला अडवून धरतं. आणि सणाचा पेढा खायचाच असेल तर तो खरा असावा, कुंथलगिरीचा असावा, एकच असावा, आणि जेवणातली एक पोळी त्याच्यासाठी सोडलेली असावी.

गेल्या दिवाळीत मी चटण्यांचा डबा ठेवला आणि सोबत कागदात गुंडाळलेला एक पेढा. आत्यानं तो मोडला, अर्धा स्वतः खाल्ला आणि अर्धा नातवाच्या हातावर ठेवला. मग कारळ्याच्या चटणीचं झाकण उघडून वास घेतला आणि म्हणाली, “लसूण कमी पडला की रं.”