काट्यावरचे पाणी

व्यायामशाळांतून हल्ली सर्रास घेतल्या जाणाऱ्या क्रिएटिनच्या भुकटीविषयी, आहारविकृतीतून नुकत्याच सावरू लागलेल्या रुग्णांच्या बाबतीत, निराळी सावधगिरी बाळगणे जरूर आहे. कारण हे द्रव्य स्नायूंच्या पेशींत साठताना आपल्यासोबत पाणीही ओढून घेते, आणि रोज 20 ग्रॅमची प्रारंभिक मात्रा घेणाऱ्याचे वजन, चरबीचा कणही न वाढता, आठवड्याभरात एखाददुसऱ्या किलोने चढू शकते.

समजा, 46 किलो वजनाची एक तरुणी, वैद्यकीय देखरेखीखाली आठवड्याला अर्धा किलो या बेताने वजन भरून काढीत असता, कुणाच्या सल्ल्यावरून ही भुकटी घेऊ लागली आणि आठव्या दिवशी काटा 47.3 वर गेला. भयग्रस्त मनाला तो आकडा चरबीचाच पुरावा वाटून पुढच्या जेवणातला घास कमी होण्याचा संभव असतो. उलटपक्षी, डॉक्टरांना भुकटीची वर्दी नसेल, तर त्यांच्या दप्तरी तीच नोंद प्रगती म्हणून दाखल होते आणि जेवण अपुरेच असल्याची बाब झाकली जाते. ही दुसरी चूक आम्हांस अधिक घातक वाटते, कारण ती कुणाच्या ध्यानातच येत नाही.

भुकटी सोडल्यावर चार-सहा आठवड्यांत साठा ओसरतो, पाणी उतरते, आणि ती घटही उपासाची जुनी चटक जागवू शकते. यास्तव वजन अपुरे असेतो क्रिएटिन लांबणीवर टाकावे. पुढे घेणे झालेच, तर डॉक्टरांच्या संमतीने, रोज 3 ग्रॅमच्या संथ मात्रेने, आणि आकडा सोसवत नसल्यास काट्याकडे पाठ करून वजन देण्याच्या रिवाजाने घ्यावे.