रोटामीटर: आधी विचारा, कोणते लिटर?

रोटामीटरचे सूत्र पाठ करून घेण्याला माझा विरोध आहे. वर्गमूळ बरोबर येतं, पण उत्तर कुठल्या लिटरमधलं, हेच कळत नाही.

वर रुंद होत जाणाऱ्या उभ्या नळीत तरंगक एका उंचीवर थांबतो, कारण वायूचा जोर आणि तरंगकाचे वजन तिथे सारखे होतात. हा जोर 'घनता × वेगाचा वर्ग' यावर ठरतो. म्हणून दाट वायू कमी वेगातही तरंगकाला तेवढंच उचलतो.

उदाहरण बघा. पट्टी हवेसाठी, २०° सें. आणि १ वातावरण दाबाला आखलेली आहे. नळीत कार्बन डायऑक्साइड आहे, तापमान ४०° सें. दाबमापक १ वातावरण दाखवतो, म्हणजे एकूण दाब २. वाचन मिनिटाला १० लिटर.

घनतेचे गुणोत्तर = (४४/२९) × (२/१) × (२९३/३१३) = २.८४
वर्गमूळ = १.६९
नळीतला प्रवाह = १० ÷ १.६९ = ५.९ लिटर

हाच वायू १ वातावरण आणि २०° सें.ला आणला तर ५.९ × २ × (२९३/३१३), म्हणजे सुमारे ११ लिटर भरतो.

दोन्ही उत्तरे बरोबरच! पण एक वाचनापेक्षा कमी, दुसरे जास्त. म्हणून 'नळीतले लिटर की प्रमाणित लिटर?' हा प्रश्न सूत्राच्या आधी फळ्यावर हवा. दाबमापकाच्या आकड्यात १ मिळवायला विसरलं, तर दाबाची दुरुस्तीच गणितातून गायब होते.

फार बारीक नळीत मात्र वायूची चिकटताही आड येते. तिथे हे सूत्र पुरत नाही, त्या वायूसाठी आखलेली पट्टीच लागते.