खवट आणि कुबट

चतुर्थीला मुंबईहून आलेल्या वहिनीने फडताळातला प्लास्टिकचा डबा उघडला आणि लगेच झाकण लावून टाकलं. आत साधारण 3 किलो ब्राऊन राइस होता. मार्चमध्ये मी तो गिरणीतून नुसता सालून आणला होता, 5 किलो. साखर सांभाळायची म्हणून रोज थोडा खायचा असं ठरवलं होतं. पावसाळ्यात तो मागे पडला. शेजारच्या काकींनी मूठभर तांदूळ तळहातावर घेऊन चोळले, नाकाशी नेले आणि म्हणाल्या, “ह्येका खवटाण येता गे बाय.”

त्या दिवशी घरात दोन प्रश्न निघाले. गेल्या आठवड्यात आम्ही यातलाच भात खाल्ला, त्याचं काय? आणि उरलेल्याचं काय करायचं? उत्तर शोधताना मला आपल्या मालवण भागातल्या उकड्या तांदळाकडे पुन्हा नीट पाहावं लागलं.

तांदळात तेल असतं हे आपल्या सहसा ध्यानात येत नाही. पांढऱ्या, पॉलिश केलेल्या तांदळात ते जवळपास उरतच नाही. पण कोंडा आणि अंकुर जागेवर असलेल्या तांदळात शंभरातले अडीच-तीन भाग तेल असतं. त्याच कोंड्याच्या थरात लायपेज नावाचं एक पाचक द्रव्य असतं. दाणा सालात असतो तोवर तेल एका कप्प्यात आणि लायपेज दुसऱ्या कप्प्यात अशी दोघांची गाठ पडत नाही. म्हणून कणगीतलं भात वर्षभर आणि पुढेही टिकतं. गिरणीत साल निघताना दाण्याच्या अंगावर बारीक ओरखडे उठतात, कप्पे फुटतात आणि लायपेज तेलाचे तुकडे पाडायला लागतं. हे काम गिरणीतून बाहेर पडल्यापासूनच सुरू होतं. तुटलेल्या तेलावर मग हवेतला प्राणवायू बसतो, आणि त्यातून जे पदार्थ बनतात त्यांचा तो वास: जुन्या खोबऱ्याचा, शिळ्या शेंगदाण्याचा, थोडा रंगाच्या डब्याचा. बाजरीचं पीठ आठवड्याभरात कडू होतं तेही याच कारणाने. उष्णतेने हे सगळं वेगाने होतं. आमचा डबा चुलीशेजारच्या फडताळात एप्रिल-मे काढून बसला होता.

आता उकडा. आमच्याकडे वालय, सोरटी अशी लाल भातं पेजेसाठी उकडायची पद्धत आहे. भात रात्रभर पाण्यात भिजत घालायचं, सकाळी मोठ्या भांड्यात घालून बाहेरच्या चुलीवर ठेवायचं, आणि सालाची तोंडं उकलायला लागली की उतरवायचं. मग खळ्यात पसरून, पायाने परतत, सुकवायचं. दाणा दाताखाली कटकन तुटला की सुकला. यात महत्त्वाचं आहे ते उष्णता देण्याची वेळ. साल अजून अंगावर आहे, तेल आणि लायपेज वेगळे आहेत, आणि त्याच वेळी उकळीने लायपेज निकामी होतं. नंतर सडलं तरी तेल तोडणारं कुणी उरलेलं नसतं. ओट्सच्या कारखान्यात वाफ देतात ती याचसाठी. ओट्समध्ये तेल तांदळाच्या दुपटीहून जास्त, शंभरात 6-7 भाग, त्यामुळे वाफेशिवाय त्याचे पोहे फार दिवस टिकले नसते.

तरी उकडा अमर नव्हे. लायपेज गेलं, पण उकळण्यात तेलाला राखणारी काही नैसर्गिक द्रव्यंही कमी होतात, आणि हवा आपलं काम करतच राहते. म्हणून सडून ठेवलेला उकडाही वर्षभराने वास देतो. आमच्या आजीच्या वेळी भात उकडून, सुकवून, सालासकट ठेवायचे आणि महिन्याला लागेल तेवढंच व्हायनात सडायचे. मला ते तेव्हा नुसतं कष्टाचं काम वाटायचं.

आता खाल्ल्याचं काय. माझ्या ताटातला भात 75 ग्रॅम तांदळाचा, म्हणजे त्यात तेल 2 ग्रॅम. लायपेजने तोडलेलं तेल घातक नसतं, कारण जेवल्यावर आपल्या आतड्यातही तेल असंच तुटतं. प्राणवायूने बिघडलेला भाग वेगळा. खूप जळकं, खूप खवट तेल प्राण्यांना दिवसेंदिवस चारल्यावर त्यांना जुलाब झाले, यकृत वाढलं, वाढ खुंटली, हे प्रयोगांत दिसलेलं आहे. पण ते प्रमाण एका ताटाच्या कितीतरी पट असतं, आणि आपलं नाक या पदार्थांचा अगदी सूक्ष्म अंशही ओळखतं. त्यामुळे एक-दोनदा खाल्लं म्हणून घाबरायचं कारण नाही, फार तर पोट बिघडेल. मात्र जाणूनबुजून रोज खाऊ नये. कोंड्यातलं ई जीवनसत्त्वही त्या तेलाबरोबर कमी झालेलं असतं, म्हणजे कोंड्यासकट तांदूळ खाण्याचा एक फायदा गेलेला असतो.

मला खरी भीती दुसऱ्या वासाची वाटते. कुबट वास म्हणजे ओलं पोतं, बंद खोली, बुरशी. खवट आणि कुबट यांत गल्लत करू नका. दाणे एकमेकांना चिकटून गोळे झाले असतील, हिरवे-काळे-पिवळे ठिपके असतील, पोत्यात हात घातल्यावर ऊब लागत असेल, तर ती बुरशी आहे. तिच्या काही जाती अफ्लाटॉक्सिन नावाचं विष बनवतात, आणि ते धुऊन जात नाही, शिजवून मरत नाही. 1974 मध्ये राजस्थानच्या बांसवाडा आणि गुजरातच्या पंचमहाल भागात पावसात भिजलेला मका खाऊन शंभरहून जास्त माणसं दगावली, ती या विषाने. आमच्या किनाऱ्यावर जून ते सप्टेंबर हवा इतकी ओली असते की सैल झाकणाचा डबा आपणहून पाणी ओढतो. कुबट वास आला तर वरचा थर काढून खालचं वापरणं नको, सगळंच टाकावं.

आमच्या डब्यात ठिपके नव्हते, दाणे सुटे होते, एक दाणा चावला तर कटकन तुटला आणि मागून जिभेवर कडसर चव राहिली. म्हणजे नुसती खवटाण. वहिनी म्हणाली उन्हात घालूया. पोरकिडे जायला ऊन चांगलं, पण खवट तेलाला ऊन आणखी बिघडवतं. वास थोडा उडतो इतकंच. गरम पाण्याने तीनदा धुऊन मूठभर शिजवून पाहिला. झाकण काढल्यावर पहिल्या वाफेतच वास परत आला, कारण तेल दाण्याच्या अंगातच आहे.

“कोंबड्यांका घाल,” काकी म्हणाल्या. इथे मी त्यांचं ऐकलं नाही. खवट खाद्यातलं ई जीवनसत्त्व गेल्याने पिल्लांचा मेंदू बिघडतो, त्यांना उभं राहता येत नाही, हे कोंबड्या पाळणाऱ्यांना माहीत असलेलं दुखणं आहे. आमच्या खुराड्यात दहा दिवसांची पिल्लं होती. तांदूळ माडाच्या आळ्यात गेला.

दिवाळीनंतर नवीन भात आलं की त्यातलं 20 किलो सालासकट ठेवणार आहे. गिरणीवाला 2 किलोसाठी यंत्र चालवायला कुरकुरतो, म्हणून काकी आणि मी मिळून महिन्याला 4 किलो सालून आणायचं ठरवलंय. माझा वाटा काचेच्या बरणीत, फ्रिजच्या खालच्या खणात ठेवायचा, आणि बरणीवर सालल्याची तारीख लिहायची.